ईसीजी नॉर्मल आला, तरी श्वास पुरेना

माझी उंची 6 फूट 1 इंच, वजन 56 किलो. तालमीत गेलो की वस्ताद म्हणायचे, "उंची दिलीय देवानं, आता अंगावर मांस तेवढं चढवा." त्या रविवारी सकाळी मात्र मी तालमीत नव्हतो, कुठलं वजनही उचललं नव्हतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. उजव्या छातीत पुढच्या बाजूला एकदम सुरी खुपसल्यासारखी कळ आली आणि खांद्यापर्यंत गेली. श्वास आत घ्यायला गेलो की निम्म्यावरच अडकायचा. खोकला आला तर जीव जातोय असं वाटायचं.

आई म्हणाली, "चमक भरली असंल, गरम पिशवी लाव." शेजारच्या काकांचं मत गॅसचं. घरात असंच बोललं जातं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पण दोन गोष्टी मला पटत नव्हत्या. चमक भरली की तिथं बोट दाबलं तर दुखतं. मला दाबून काही दुखत नव्हतं, दुखत होतं ते श्वासाबरोबर. आणि चमक भरल्यानं जिना चढताना धाप लागत नाही. मी वरच्या खोलीत चार्जर आणायला गेलो आणि अर्ध्या जिन्यात कठड्याला धरून उभा राहिलो.

त्यातली सगळ्यात फसवी गोष्ट आधी सांगतो. दुपारपर्यंत कळ बरीच बोथट झाली. आईला हायसं वाटलं. माझं उजवं फुप्फुस मिटलं होतं, हे नंतर कळलं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात असंच होतं. फुप्फुस मिटलेलंच राहतं, दुखणं मात्र एखाद्या दिवसात आपोआप ओसरतं. म्हणून कित्येक तरुण मुलं दोन-चार दिवसांनी, धाप वाढल्यावर येतात. माझी धाप तशीच होती, म्हणून आम्ही त्याच दुपारी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडं गेलो.

त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, 95 दाखवलं. ईसीजी काढला, नॉर्मल. छातीत दुखतंय आणि ईसीजी नॉर्मल, एवढ्यावर सुटलो असं मला वाटलं. डॉक्टरांनी मात्र शर्ट काढायला लावला. स्टेथोस्कोप डावीकडं, मग अगदी त्याच उंचीवर उजवीकडं, पुन्हा डावीकडं, असं वरून खाली नेला. मग एक बोट छातीवर ठेवून दुसऱ्या बोटानं त्यावर ठोकलं. तो आवाज मलाही कळत होता. डावीकडं भरीव, उजवीकडं पोकळ, घुमल्यासारखा. ते आईला म्हणाले, "डावं फुप्फुस बोलतंय, उजवं गप्प आहे. आत्ताच्या आत्ता एक्स-रे काढायचा. उभा राहून, झोपून नाही." झोपून काढलेल्या फोटोत हवा पुढच्या बाजूला पसरते आणि नजरेतून सुटू शकते, हे त्यांनी जाता जाता सांगितलं.

फोटोत काय बघायचं ते मोठ्या दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी पेनच्या टोकानं दाखवलं. डाव्या बाजूला फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या बारीक रेघा थेट बरगड्यांपर्यंत पोचलेल्या. उजव्या बाजूला मध्येच केसासारखी पातळ पांढरी रेघ, आणि तिच्या बाहेर काही नाही, नुसतं काळं. ती रेघ म्हणजे माझ्या फुप्फुसाची कड. बाहेरचं काळं म्हणजे हवा. त्यांनी नाव सांगितलं, न्यूमोथोरॅक्स.

फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये एक बंद फट असते. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळं फुप्फुस ताणून उघडं राहतं. माझ्यासारख्या काही उंच, सडपातळ मुलांच्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पातळ हवेचे फोड असतात, भाकरी फुगताना तिच्यावर येतात तसे. त्यातला एखादा फुटला की श्वासाची हवा त्या फटीत शिरते, ताण जातो आणि फुप्फुस स्वतःच्या लवचिकपणानं मिटतं. त्याला जोर लावावा लागत नाही, धक्का लागावा लागत नाही. बसल्या जागी होतं.

डॉक्टरांनी सिगारेट, बिडी, गांजा सगळं विचारलं. मी यातलं काही ओढत नाही. ओढणाऱ्यांना हा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, असं ते म्हणाले. मग मला एका हाताच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं दुसरं मनगट धरायला सांगितलं. बोटं एकमेकांवर किती चढतात ते बघितलं, दोन्ही हात पसरून माप घेतलं, डोळ्यांचं आणि घरात कुणाला हृदयाचं काही आहे का ते विचारलं. मार्फान नावाचा एक जन्मजात आजार असतो, त्यातही माणूस असाच उंच आणि लांब बोटांचा असतो आणि फुप्फुस मिटू शकतं. त्यात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जपावी लागते, म्हणून ही चौकशी. मला तो नव्हता.

आता हवा काढायची कशी? प्रत्येकाला नळी घालावी लागत नाही, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. हवा थोडी असेल आणि माणसाला त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात, कारण शरीर ती हवा स्वतःच शोषून घेतं. पण वेग फार कमी, दिवसाला त्या बाजूच्या जागेच्या सुमारे दोन टक्के. माझी हवा जास्त होती आणि वाक्य पूर्ण करताना मला मध्ये थांबावं लागत होतं. त्यामुळं आधी सुईनं ओढून बघायचं ठरलं. जागा बधिर करून बारीक प्लास्टिकची नळी घातली आणि मोठ्या सिरिंजनं हवा ओढून बाहेर सोडायला सुरुवात केली. सिस्टर मोजत होत्या. कुठंतरी सिरिंज जड लागायला हवी, म्हणजे फुप्फुस भिंतीला टेकलं. अडीच लिटर झाले तरी सिरिंज सहज मागं येत होती. डॉक्टर थांबले. "भोक अजून उघडं आहे. आपण काढतोय तेवढी आतून येतीय. आता नळी."

आयसीडी म्हणतात तिला. हात डोक्यावर घ्यायला लावला, काखेखाली थोडं पुढं, दोन बरगड्यांच्या मध्ये जागा बधिर केली. कापल्याचं कळलं नाही, पण नळी आत जाताना जो दाब येतो तो कळतो, आणि फुप्फुस उघडायला लागलं की खोकल्याची उबळ येते आणि खांदा दुखतो. ते दुखणं सोसावं लागतं, पेनकिलर मागून घ्यावी. कारण दुखतंय म्हणून पूर्ण श्वास घेतला नाही तर फुप्फुस नीट उघडत नाही.

नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीत. ही बाटली मी पुढचे सगळे दिवस बघत होतो. आतल्या नळीचं तोंड पाण्याखाली साधारण दोन सेंटिमीटर बुडालेलं असतं. छातीतली हवा पाण्यातून बुडबुडे होऊन बाहेर पडते, बाहेरची हवा मात्र उलट आत जाऊ शकत नाही. सिस्टरनी मला दोन गोष्टी बघायला शिकवल्या. एक, बुडबुडे. ते येताहेत म्हणजे फोडाचं भोक अजून गळतंय. आधी नुसत्या श्वासावर येतात, मग फक्त खोकल्यावर, मग खोकल्यावरही नाहीत. दुसरी, नळीतल्या पाण्याची पातळी. श्वास घेतला की वर चढते, सोडला की उतरते. ती हलतीय तोवर नळी मोकळी आहे. हलायची थांबली तर दोन अर्थ निघतात. एक तर फुप्फुस पूर्ण फुगून नळीला टेकलं, किंवा नळी कुठंतरी दुमडली, तुंबली. आधी नळी बघतात, फुप्फुस फुगलंय का ते मग एक्स-रे सांगतो. एका रात्री पातळी हलायची थांबली आणि मी घाबरून हाक मारली. सिस्टरनी चादर बाजूला केली तर नळी माझ्याच पाठीखाली दबली होती.

भेटायला आलेल्या मामांनी बाटली पायात येते म्हणून उचलून पलंगावर ठेवायला घेतली, तेव्हा सिस्टर धावत आल्या. बाटली कायम छातीच्या खाली, नाहीतर पाणी उलट छातीत जाऊ शकतं. आणि बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही, संडासला जाताना, वॉर्ड बदलताना, कधीच नाही. वाट बंद झाली की आतली हवा साठत जाते, दाब हृदयावर येतो आणि बीपी कोसळतो. हीच अवस्था घरीही येऊ शकते. धाप मिनिटामिनिटाला वाढतीय, ओठ निळे पडताहेत, घाम फुटून चक्कर येतीय, असं दिसलं तर एक्स-रे सेंटर शोधत बसायचं नाही, थेट 108.

माझे बुडबुडे खोकल्यावर येत राहिले, त्यामुळं शस्त्रक्रियेचा विषय निघाला. गळती पाच-सहा दिवसांनंतरही थांबत नसेल तर सर्जनचं मत घेतात. सीटी स्कॅनमध्ये उजव्या टोकाला छोटे फोड दिसले. पण सर्जन येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी खोकल्यावरचा बुडबुडाही थांबला. एक दिवस तसाच जाऊ दिला, एक्स-रेमध्ये पांढरी रेघ दिसेनाशी झाली आणि नळी काढली. श्वास रोखून धरायला सांगतात, ओढतात आणि टाका घट्ट करतात.

आईला ऑपरेशन लगेच उरकून टाकायचं होतं. सर्जननी तिला समोर बसवून समजावलं. पहिल्यांदा झालंय आणि गळती थांबलीय, तर थांबायला हरकत नाही. साधारण तीन जणांत एकाला पुन्हा होतं, बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच. पुन्हा त्याच बाजूला झालं किंवा दुसऱ्या बाजूला झालं, तर दुर्बिणीतून फोड काढायचे आणि फुप्फुस भिंतीला चिकटेल असं करायचं. त्यानंतर पुन्हा होण्याचं प्रमाण फार कमी होतं. काम विमान चालवण्याचं किंवा खोल पाण्यात उतरण्याचं असेल तर पहिल्याच वेळी करतात. आम्ही थांबायचं ठरवलं.

कंपनीनं ट्रेनिंगसाठी उजळाईवाडीहून विमानाचं तिकीट काढलं होतं, ते रद्द केलं. विमानात हवेचा दाब कमी असतो, छातीत हवा अडकली असेल तर ती फुगते. एक्स-रे स्वच्छ आल्यावर किमान आठवडा जाऊ द्यायचा असं सांगितलं होतं, मी बसनं गेलो. स्कूबा डायव्हिंगचं मात्र डॉक्टरांनी कायमचं बंद सांगितलंय, तारकर्लीचा बेत मित्रांनी माझ्याशिवाय केला. तालमीत हलक्या जोर-बैठका सुरू आहेत, श्वास रोखून जड वजन उचलणं सध्या नाही.

नळी काढल्यानंतरचा स्वच्छ एक्स-रे मी मोबाईलमध्ये ठेवलाय. पुन्हा कळ आली तर कुठल्याही गावातल्या डॉक्टरांना आधीचा फोटो शेजारी ठेवून नवा बघता येईल.