फक्त एकदा ७५ देऊन बघा

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाहीये आणि कारण इतकं क्षुल्लक आहे की कुणाला सांगायची सोय नाही. रविवारच्या क्लासचा स्वाध्याय सरांनी तपासून पाठवला. खाली चारच ओळी:

"फंक्शनं छान वेगळी केलीत. गुण वाचणं, बेरीज, श्रेणी, छपाई, प्रत्येकाचं काम नावावरूनच कळतं. रचना उत्तम. फक्त shreni() ला एकदा 75 देऊन बघा, मग 74.6."

"फक्त". गोड बोलून कान धरायचा तो हा शब्द. आधीच्या तीन ओळी मी एकदाच वाचल्या, ही शेवटची दहादा.

दिलं 75. दहावीची साधी पद्धत घेतली होती: ७५ ला विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम, ४५ ला द्वितीय, ३५ ला उत्तीर्ण. (प्रत्येक विषयात पास होण्याची अट स्वाध्यायात नव्हती, नाहीतर अजून दिवे लावले असते.) उत्तर आलं, अनुत्तीर्ण. 74.6 दिलं. अनुत्तीर्ण.

```python
def shreni(p):
    if p > 75:
        return "विशेष प्रावीण्य"
    elif p >= 60 and p <= 74:
        return "प्रथम श्रेणी"
    elif p >= 45 and p <= 59:
        return "द्वितीय श्रेणी"
    elif p >= 35 and p <= 44:
        return "उत्तीर्ण"
    else:
        return "अनुत्तीर्ण"
```

पहिल्या ओळीत बरोबरचं चिन्ह खाल्लं, ते एक वेळ समजू शकते. पण ६० ते ७४, ४५ ते ५९ हे मी गुणपत्रिकेमागच्या तक्त्यासारखं लिहून मोकळी झाले. कागदावर ७४ नंतर ७५ येतात. टक्केवारीत मध्ये ७४.६ येतात, आणि त्यांना माझ्याकडे घरच नाही. जे कुठेच बसत नाही ते else मध्ये जातं, आणि else म्हणजे नापास. कुठे लाल अक्षर नाही, प्रोग्रॅम थांबत नाही, गुपचूप पोराचं वर्ष घालवतो.

मी तपासलं नव्हतं असंही नाही. 82, 66, 51, 40, 20 देऊन पाहिलं होतं. पाचही बरोबर, म्हणून चहा केला. आता दिसतंय, पाचही आकडे मी गटाच्या मधोमधचे घेतले होते. मधल्याला कधी काही होत नाही. सरांनी सरळ उंबरठ्यावरचा घेतला आणि मग त्याच्या जरा अलीकडचा.

या वयात कशाला हा उद्योग, असं संध्याकाळी वाटून गेलं. क्लासात बाकी सगळे विशीतले. सर स्वतः माझ्या भाच्याच्या वयाचे. ताई म्हणालीच होती, पण ते राहू दे.

जेवणानंतर पुन्हा उघडलं. दुरुस्ती दोन मिनिटांची निघाली. वरच्या अटीत >= केलं आणि खालच्या सगळ्या "and p <=" खोडल्या. 75 किंवा वरचे पहिल्याच दारातून गेले, म्हणजे elif पर्यंत पोचलेला त्याच्या खालचाच असणार. त्याला पुन्हा विचारायची गरजच नव्हती. मी जास्तीची काळजी घ्यायला गेले आणि त्या काळजीनेच भगदाडं पाडली. (हे वाक्य घरातल्या बऱ्याच गोष्टींना लागू आहे. असो.)

मग एक खोड काढली. जुनं आणि नवं फंक्शन शेजारी ठेवून ० ते ५०० बेरजेपर्यंत सगळी टक्केवारी दोन्हींना दिली आणि उत्तर जिथे जुळत नाही तेवढंच छापलं. एका गुणाला ०.२ टक्के. ३७१ ते ३७५, पाच. २९६ ते २९९, चार. २२१ ते २२४, चार. एकूण तेरा बेरजा, तेराही अनुत्तीर्ण.

हे करताना एक लक्षात आलं. श्रेणीचं फंक्शन वेगळं होतं म्हणूनच एकटं उचलून तपासता आलं. छपाईत मिसळलेलं असतं तर एकेका आकड्यासाठी पाच विषयांचे गुण टाइप करत बसले असते, आणि सरही 75 वर पोचले नसते. म्हणजे "रचना उत्तम" हे कडू गोळीवरचं गूळखोबरं नव्हतं तर. तरी "फक्त" टोचतोच.

शेवटी माझे दहावीचे टक्के टाकले, ७४.६. दोन गुणांनी हुकलेलं डिस्टिंक्शन, बाबा तेव्हा आठ दिवस... जुन्या फंक्शनने मला नापास केलं. इतकं मनापासून तर तेव्हा बाबांनीही केलं नव्हतं. एकटीच हसले. धाकटा खोलीतून ओरडला, आई, झोप आता.

फाइल सरांना परत पाठवली. खाली लिहिलं: तेरा होते, तुम्ही दोनच सांगितलेत.