हे मत माझं की ह्यांचं?

गेल्या दिवाळीत निपाणीला माहेरी गेले होते. लेकीच्या शाळेचा विषय निघाला आणि मी ठासून म्हणाले, "इंग्रजी माध्यमच बरं. पुढं बेंगळूरला जा नाहीतर पुण्याला, कुठं अडत नाही." धाकटा भाऊ शांतपणे म्हणाला, "ताई, हे तुझं मत की दाजींचं?"

मला उत्तर देता आलं नाही. लग्नाआधी मी मराठी शाळेत शिकवत होते. लहान पोरानं आधी घरच्या भाषेत शिकावं, हे मी कुणाशीही वाद घालून सांगायचे. आता तोंडातून निघालं ते अख्खं वाक्य ह्यांचं होतं, 'अडत नाही'सकट.

बेळगावला, टिळकवाडीत परत आल्यावर एका रात्री जुन्या कॅलेंडरच्या पानामागं लिहायला बसले. लग्नाआधी काय काय करत होते, ते शेवटचं कधी केलं आणि ते कुणी थांबवलं. पेटी, मैत्रिणीबरोबर पहाटे व्हॅक्सिन डेपोवर फिरणं, वाचनालयाची वर्गणी, वेळी-अवेळी दोन मैत्रिणींना फोन. तिसऱ्या रकान्यात ह्यांचं नाव लिहायला मी तयारच होते. पण आठवत गेले तसं बहुतेक ठिकाणी 'मीच' असं लिहावं लागलं. पेटीचंच बघा. संध्याकाळी साडेसातला माझा रियाझ आणि तीच ह्यांच्या बातम्यांची वेळ. एकदा "जरा हळू" म्हणाले, एवढंच. मी वेळ बदलून घ्यायची, तर पेटीच बंद केली. भांडण झालं असतं तर निदान लक्षात राहिलं असतं. इथं दरवेळी थोडंसं सोडलं आणि त्याला समजूतदारपणा म्हणत गेले.

पेटीवर उशा-गाद्यांचा ढीग होता. पं. रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकलेल्या या गावात माझी पेटी अशी पडून राहिली, याचं फार वाईट वाटलं. भाता हलवला तर धूळच उडाली. मधला गंधार बोलेना. वरची फळी काढून पातळ कागद पट्टीखालून हलकेच सरकवला, तेव्हा अडकलेली धूळ निघाली आणि आधी घोगरा, मग स्वच्छ सूर आला. पहिल्याच दिवशी जुना यमन वाजवायला घेतला, ती चूक झाली. बोटं वळेनात आणि रडू आलं. दुसऱ्या दिवसापासून नुसते अलंकार, वीस मिनिटं, सकाळी साडेसहाला. पूर्वीच्या स्वतःशी तुलना सोडल्यावरच हात बसायला लागला.

मतांचं काम जास्त अवघड होतं. "तुम्ही म्हणाल तसं" हे माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की विचार करायच्या आतच निघायचं. म्हणून एक सवय लावून घेतली. काही विचारलं की म्हणायचं, "संध्याकाळी सांगते." आणि ह्यांचं ऐकायच्या आधी आपलं उत्तर कागदावर लिहून ठेवायचं. सुरुवातीला भाजी कुठली, रविवारी कुठं जायचं, असल्या साध्या गोष्टींवर. कित्येकदा कागद कोराच राहायचा. त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. आवड परत कळायला वेळ लागतो.

चार-पाच दिवस हे गप्प होते. मग विचारलं, "माझं काय चुकलं काय?" मी म्हटलं, "तुमचं नाही. मी बोलायची बंद झाले होते, आता बोलणार आहे." अवघडले, पण ऐकलं. बातम्या आता बारीक आवाजात लागतात.

इथं एक सांगायलाच हवं. पहिल्या 'नाही'वर आरडाओरडा, फोन तपासणं, पैसे अडवणं, मैत्रिणींना भेटायला बंदी, असं होत असेल तर ती गोष्ट वेगळी. तिथं माझ्यासारखं हळूहळू घेत बसू नका. विश्वासातल्या माणसाला सांगा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

मैत्रिणींना लांबलचक माफीनामा पाठवायचा मोह झाला होता. पण त्यावर उत्तर देण्याचं ओझं परत त्यांच्यावरच पडलं असतं. म्हणून एकीला एवढंच लिहिलं, "तुझ्या बाबांच्या आजारपणात मी आले नाही, ते चुकलं. शनिवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोवर येशील?" दुसरीलाही तिच्या-माझ्यातलं जे राहून गेलं होतं ते लिहिलं. तिचं उत्तर आलं नाही. तिला पुन्हा छेडलं नाही.

पहिलीनं तीन दिवसांनी लिहिलं, "साडेसहाला. पण मला सातला जायचंय."

शनिवारचे अलंकार संध्याकाळवर ढकलले. ती आली. झाडांखालून आम्ही एक फेरी जवळजवळ न बोलताच मारली. दुसऱ्या फेरीला तिनं विचारलं, "लेकीला कुठल्या शाळेत घालणार गे?"

"घरात अजून ठरलं नाही," मी म्हटलं, "पण मला मराठी शाळा पाहिजे."