स्पॅनिशचा लांब 'र्र' शिकवताना

पुण्यात मी स्पॅनिश शिकवते. मराठी घरात वाढलेल्या विद्यार्थ्यांना स्पॅनिशचा 'र' फारसा छळत नाही, कारण दोन स्वरांमधला साधा 'र' आपला आणि त्यांचा जवळजवळ एकच आहे: जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला एकदाच टिचकी मारून परत येतं. लांब 'र्र'सुद्धा आपल्याकडे आहे. चिमणी भुर्रकन उडते, कागद टर्रकन फाटतो. त्यामुळे इथे वाढलेल्या मुलांना मी आधी 'भुर्र' म्हणायला लावते आणि तिथून 'पेर्रो'वर नेते. स्पॅनिशमध्ये हा फरक जपावाच लागतो. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. 'कारो' म्हणजे महाग आणि 'कार्रो' म्हणजे गाडी.

माझी खरी कसोटी लागली ती न्यू जर्सीत वाढलेल्या एका विद्यार्थिनीबरोबर. घरी मराठी बोललेलं तिला सगळं कळायचं, पण तिच्या तोंडी 'घर'मधला र अमेरिकन होता. त्या र मध्ये जिभेचं टोक कशालाच टेकत नाही. जीभ मागे गोळा होते आणि ओठ थोडे पुढे येतात. म्हणजे स्पॅनिशला जे हवं, त्याच्या अगदी उलट. तिला 'र म्हण' म्हटलं की तोच र यायचा. म्हणून मी र हा शब्दच वर्गातून काढून टाकला.

अमेरिकन तोंडात एक टिचकी आधीपासून असते, फक्त तिला तिथे र म्हणत नाहीत. 'बटर', 'लॅडर' भरभर म्हणताना मधलं व्यंजन म्हणजे नेमकी ती टिचकी. मी तिला इंग्रजीत 'पॉट ऑफ टी' घाईघाईने, 'पॉट अ टी' असं म्हणायला सांगितलं. ऐकताना ते 'पारा ती' होतं, आणि स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'तुझ्यासाठी'. ती चकित झाली. टिचकी हाती लागली आणि ओठही पुढे आले नाहीत.

टिचकी आली की सगळ्यांना वाटतं, आता तीच पटापट मारत राहिलं की झाला 'र्र'. सर्वांत चिवट चूक हीच. टिचकी आपण स्नायूने मारतो. लांब 'र्र' स्नायूने होत नाही, श्वासाने होतो. टोक सैल धरलेलं असतं, मागे हवेचा दाब वाढतो आणि टोकाला ढकलतो. फट पडली की हवा वेगाने निसटते, दाब उतरतो आणि टोक आपोआप परत येऊन टेकतं. सेकंदाला पंचवीसच्या आसपास असे झटके बसतात. इतक्या वेगाने कोणीही जीभ मुद्दाम हलवू शकत नाही. रोजच्या बोलण्यातल्या 'र्र'मध्ये दोन-तीनच झटके असतात. ओळखायला सोपं आहे: कानाने एकेक ठोका मोजता येत असेल, तर जीभ अजून हलवली जाते आहे.

हे पटावं म्हणून मी तिला आधी ओठांनी 'बुर्र' करायला लावलं, तान्ही बाळं करतात तसं. ओठ घट्ट मिटले की काही होत नाही, उघडे ठेवले की नुसती फुंकर निघते. सैल मिटून फुंकलं की ते स्वतःच थरथरतात. आता हेच जिभेकडून करून घ्यायचं होतं.

जागा सापडायला 'न' उपयोगी पडतो. 'न' म्हणून तिथेच थांबायचं. टोक हिरडीवर असतं आणि जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना चिकटलेल्या असतात. या कडा चिकटलेल्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर हवा बाजूने गळते आणि टोकामागे दाबच तयार होत नाही. तपासायला आम्ही एक युक्ती वापरायचो: टोकाची पकड जराशी सोडायची आणि तोंडाने श्वास झटकन आत ओढायचा. गार वारा टोकापाशी लागला तर ठीक. कडांना लागला तर जीभ 'ल'च्या आकारात गेली आहे. पहिल्या काही बैठकांमध्ये तिला कडांनाच लागत होता.

मग आवाज न काढता, नुसत्या श्वासाने. 'न'च्या जागेवरून कुजबुजत 'ट्र'सारखं सोडायचं, पोटातून भरपूर हवा देऊन. इथे दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही काहीतरी सांगतात. नुसता 'स' किंवा 'श'सारखा फुसकारा आला तर टोक फार दूर आहे. हवा अडून शेवटी एकदम 'ठ' फुटला तर टोक फार ताठ आहे. तिची जीभ ताठ होती. जबडाही आवळलेला असायचा, म्हणून एक बोट हनुवटीवर ठेवून तिने सराव केला. बोटाला जबडा ढकलल्याचं जाणवलं की थांबायचं. दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं पुरतात. त्याहून जास्त केलं की जीभ थकते आणि पुन्हा ताठरते.

थरथर पहिल्यांदा आली ती अशीच कुजबुजीत. आवाज जोडला की लगेच विझायची. घशात स्वरतंतू कंप पावू लागले की हवेचा काही दाब तिथेच खर्ची पडतो, टोकापर्यंत कमी पोचतो. म्हणून आम्ही कुजबुजीने सुरू करून मध्येच आवाज मिसळायचो, गळ्यावर हात ठेवून, आणि त्या क्षणी श्वास वाढवायचो.

याच टप्प्यावर ती एकदा खूश होऊन लांबलचक गुरगुर ऐकवू लागली. मला शंका आली. मी म्हटलं, "जिभेचं टोक खालच्या दातांमागे दाबून धर आणि पुन्हा कर." गुरगुर तशीच चालू राहिली. म्हणजे ती पडजिभेपासून येत होती, गुळण्या करताना येते तशी. ही सवय लागली की सोडवणं जड जातं. म्हणून आम्ही दोन पायऱ्या मागे आलो, पुन्हा 'न' आणि कुजबुज.

पुढे स्वर. 'आ' सर्वांत सोपा, कारण जीभ खाली मोकळी असते. आधी 'र्रा', मग 'आर्रा', मग 'कार्रो', 'पेर्रो'. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र लांबच असतो आणि न, ल, स यांच्यानंतरचाही, म्हणून 'रोसा', 'एन्रिके', 'आल्रेदेदोर' हे शब्द इथे घेतले. 'एन्रिके'मध्ये जीभ 'न'साठी आधीच योग्य जागी गेलेली असते, त्याचा तिला फायदा झाला. 'रिको', 'रियो' मी मुद्दाम शेवटी ठेवले. 'इ'साठी जिभेचा मधला भाग वर आणि पुढे येतो, टोकाला खेळायला जागा उरत नाही.

शब्दांमध्ये तिच्या 'पेर्रो'त कधीकधी मध्येच एक छोटा 'अ' घुसल्यासारखा वाटायचा. कानाने ठरवणं अवघड होतं, म्हणून आम्ही आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग पाहिलं. खऱ्या 'र्र'मध्ये एकमेकींच्या अगदी जवळ दोन-तीन छोट्या खाचा दिसतात. तिच्या चित्रात दोन दूरदूरच्या खाचा आणि मध्ये ठळक स्वर होता, म्हणजे पुन्हा मुद्दाम मारलेल्या टिचक्या. श्वास वाढवला, जीभ सैल केली, आणि खाचा जवळ आल्या.

काही जणांना मी या वाटेने नेत नाही. तोंड मोठं उघडल्यावर जिभेचं टोक वरच्या हिरडीपर्यंत पोचतच नसेल तर जिभेखालचा पडदा आखूड असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी मी आधी स्पीच थेरपिस्टकडे पाठवते. आणि ज्यांना फक्त कोस्टा रिकात राहून काम करायचं आहे, त्यांना मी सांगते की तिथले बरेच लोक 'र्र' जीभ न थरथरवता, थोडा घासून म्हणतात. तुम्हाला टिचकी आणि हा घासलेला र यांतला फरक नीट करता आला तरी चालेल. माझ्या विद्यार्थिनीला मात्र माद्रिदला शिकायला जायचं होतं. तिचा 'र्रा' आणि 'र्रो' आता पक्का आहे. 'रियो' अजून चारांत एकदा निसटतो, त्यावर काम चालू आहे.