तीन तारे

गुरुवार, रात्र

खालच्या वहिनींनी लिफ्टमध्ये सहज विचारलं, "तुमच्या कामाच्या मावशींना अ‍ॅपवर तीनच तारे काहून दिले हो तुम्ही? आम्ही कामाला लावणार होतो त्यांना." मी काहीतरी पुटपुटले. तेव्हापासून डोक्यात तेच.

तीन तारे दिले ते २२ एप्रिलला, सकाळी साडेनऊला. मावशी आल्या नव्हत्या, निरोप नव्हता, सिंकमध्ये रात्रीची कढई, माझा गुडघा ठणकत होता. (माझ्या गुडघ्याला कोण तारे देतं, जाऊ द्या.) तेवढ्यात बिल्डिंगच्या गेटच्या अ‍ॅपने मावशींना किती तारे ते विचारलं आणि मी अंगठा दाबून मोकळी झाले. महिन्याभराचं मत एका कढईने दिलं म्हणायचं.

आता फ्रिजवरचं कॅलेंडर काढून बसले. ३० दिवसांतून चार रविवार गेले, उरले २६. त्यात ९ आणि १० ला भाच्याचं लग्न, आदल्या दिवशी सांगून. १४ एप्रिल आठवडाभर आधी सांगून. त्या दिवशी अख्खं नागपूर जयंतीला रस्त्यावर असतं, तो खाडा धरायचाच नाही. न सांगता गेलेला दिवस एकच, २२. अ‍ॅप मात्र पाच गैरहजेऱ्या दाखवतं. पाचवी १७ ची. त्या दिवशी तर त्यांनी कुलरची टाकी घासली होती! गेटवरच्या दादाने नोंद केली नाही की अ‍ॅपच्या लेखी माणूस आलाच नाही.

वेळेचंही तेच. अ‍ॅप गेटवरची वेळ मोजतं, ७.१०. आमचं घर तिसरं. आमच्याकडे ८.२० ते ८.४५ मध्ये कधीही, आणि दोनदा नऊ वाजून गेले, कारण पहिल्या घरी पाहुणे होते. तिसऱ्या घरवाल्याने अर्धा तास इकडेतिकडे धरायलाच हवा. त्याच्यापुढे गेलं आणि रोजच गेलं, तर बोलावं.

तरी तीन का दिले मी?

फरशी चिकट लागते म्हणून माझी कुरकुर होती. आज पोछा वाळल्यावर ओला पांढरा फडका फरशीवर दाबून ओढला. फडका काळपट निघाला तर बादलीतलं पाणी बदललं नाही असं समजायचं. एकाच पाण्यात तीन खोल्या पुसल्या की पहिली चमकते आणि तिसरीत पट्टे उमटतात. फडका स्वच्छ निघाला, पण पाय चिकटतच होते. म्हणजे फरशीचं लिक्विड जास्त. बाटलीवर लिहिलंय, अर्ध्या बादलीला एक झाकण. मी स्वतः बाटलीतून अंदाजाने ओतून ठेवते, तीन झाकणं तरी होत असतील. हा दोष त्यांच्या नावावर लिहिला होता मी.

शिवाय मी फरशी बघते संध्याकाळी पाचला. एप्रिलच्या झळांत खिडकी किलकिली जरी राहिली तरी दुपारपर्यंत धुळीचा थर येतो. बघायचं तर पुसल्यावर तासाभरात बघावं. नळावरचे पांढरे डागही तसेच, बोअरच्या पाण्यातला क्षार. साबणाने घासून हात दुखतील, निघायचे नाहीत. त्याला लिंबू नाहीतर व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवायला लागतं, आणि ते आणून द्यायचं काम आपलं.

खरी चूक दुसरीकडे आहे. कुकरच्या रिंगखालच्या खाचेत कण राहतात आणि चहाच्या गाळणीची जाळी मधे काळी पडलीय. ते काम त्यांचंच. त्याचा एक तारा मी बिनदिक्कत कापीन.

आणि २२ चा निरोप. रिचार्ज संपला होता म्हणे. एवढं कारण पुरत नाही मला, गेटवर शेजारच्या बाईजवळ सांगता आलं असतं. पण तसं आमचं ठरलं कुठे होतं? मीही माहेरी जाते तेव्हा दाराला कुलूप बघूनच त्यांना कळतं. हे लिहिताना जरा… असो.

बदललं. भरवसा चार, काम चार, निरोप तीन. खाली लिहिलं: "तिसरं घर असल्याने ८.२० ते ८.४५ मध्ये येतात. महिन्यात एकदा न सांगता खाडा. फरशी चांगली, कुकरची रिंग सांगावी लागते." लग्न, रिचार्ज यातलं काही लिहिलं नाही, ते बिल्डिंगला कशाला? "प्रामाणिक आहेत" असं लिहून पुसलं. कौतुक वाटतं, पण वाचणाऱ्याच्या मनात आधी चोरीच येते.

बाप्पा, त्यांनी आम्हाला तारे द्यायची सोय नाही त्या अ‍ॅपमध्ये, तेवढं बरं आहे. कुलूप, तीन झाकणं, आणि पगार पाच तारखेचा कधी सात, कधी आठ.

वहिनींना उद्या जिन्यात गाठून सांगते. गाळणीचं मात्र मावशींना आधी. वर्ष झालं, अजून एकदाही बोलले नाहीये.