गजाननच्या मायले पत्र

"गुरुजी, आजोबा-आजीच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. आजोबांच्या नावानं आजीला एक मस्त पत्र लिहून द्या ना."

लिहून देत नाही, बाबू. आजोबांना घेऊन ये, ते सांगतील ते लिहून घेतो. तू मोबाइलवर दाखवतोस त्या मजकुरात 'सुखदुःखात साथ दिलीस', 'माझी सावली झालीस' असतं. तो मजकूर गावातल्या कोणत्याही आजीला चालतो, म्हणून तुझ्या आजीला चालत नाही. 'प्रिये' ऐकलं की म्हातारी पदर तोंडाला लावते आणि पुढचं तिच्या कानावर पडतच नाही.

मायना आधी ठरवावा लागतो. जुनी माणसं 'सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद' सांगतात, कारण शाळेत तेवढंच शिकवलेलं. पुढं 'येथील सर्व क्षेम' येतं, आणि एका घरात राहणाऱ्या बाईला ते काय कळवायचं? रोज ज्या नावानं हाक मारतात तेच पहिल्या ओळीत घ्यावं. आपल्याकडे बायकोचं नाव कोण घेत होतं? पोराच्या नावानंच हाक. शेगाव जवळ, त्यामुळं गजाननची माय घरोघरी.

मग प्रश्न. 'आजीबद्दल काय वाटतं?' विचारलं की 'काय वाटाचं, चांगली हाये', एवढ्यावर पत्र संपतं. त्यापेक्षा विचारावं, घरातलं कोणतं काम ती दुसऱ्याला करू देत नाही? पैशाचं सगळ्यात वाईट वर्ष कोणतं, तेव्हा ती काय बोलली? तिचेच शब्द आठवतात का? इथं माणूस थांबतो. थांबू द्यावं, मधे बोलू नये.

दारव्हा तालुक्यातल्या एका आजोबांचं सांगतो. लग्न 1976 चं. तेव्हा सरकारची कापूस एकाधिकार खरेदी होती, 1972 पासूनची. व्यापाऱ्याला विकायची सोय नाही, कापूस केंद्रावरच न्यायचा. बैलबंड्यांच्या रांगेत रात्र काढायची, ग्रेडर जी प्रत लावेल ती घ्यायची आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. पैसा हप्त्याहप्त्यानं यायचा, कधी पुढची पेरणी तोंडावर आली तरी नाही. आजोबा अर्धा तास कापसाचंच बोलले. मी लिहीत होतो, पण त्यात आजी कुठंच नव्हती. "मग बी कुठून आणलं?" एवढंच विचारलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "ते लिवू नका. लोकं आयकतीन."

माझं म्हणणं एवढंच होतं की लोकांना ऐकवायचं नसेल तर नका ऐकवू, पण आजीला सांगायचं आहे का? बऱ्याच वेळानं हे लिहून झालं:

"गजाननची माय,
उलंगवाडी झाली होती, चुकारा आला नव्हता. तुनं गळ्यातली एकदाणी काहाडली अन् माह्या हातावर ठेवली. म्हनलं, 'पेटीत ठेवून पऱ्हाटी उगवते काय?' मी तवा काई बोललो नाई. एकदाणी सावकाराकडंच रायली. बहिणीच्या लग्नात तू काळी पोत घालून गेली, कोनी इचारलं तं म्हनलं, घरी ठेवली. मले ते आयकू आलं होतं. तुले मायीत नसन.
आता गुडघा दुखते तं निंदाले जात नको जाऊ. औषध जेवल्यावर घेत जाय.
गजाननचा बाप"

पत्र एवढंच. सोन्याचं वजन, सावकाराचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही, त्यानं पत्र हिशेबाकडं वळलं असतं. 'माफ कर' हेही त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी घातलं नाही. 'मले ते आयकू आलं होतं' ही ओळ मात्र नातू शंभर पत्रं लिहून बसला असता तरी आली नसती. हट्ट धरतो तो याच एका ओळीसाठी.

एका पानाच्या वर जाऊ नये. आजीला वाचता येत नसेल तर कुणीतरी वाचून दाखवणार, आणि लांबलं की वाचणारा घाई करतो. वाचताना 'मायले'चं 'आईला' करू नका. शाळेत आयुष्य गेलं, शुद्ध लिहा म्हणून मुलांच्या मागं लागलो, तरी इथं शुद्ध करायला हात धजत नाही.

आणि मंडपात माइकवर वाचायचं का? पूर्वी दुखरी गोष्ट पत्रात घेतच नव्हतो, चार लोकांत बाईचं मन दुखेल म्हणून. त्या आजोबांनी ते घरीच, दार लोटून, नातीकडून वाचून घेतलं. दुसऱ्या एका घरी मात्र आजीच म्हणाली, सगळ्यांसमोर वाच, पोरांना समजू दे. त्यामुळं याबाबत माझा नेम नाही. आजोबांना विचार, आणि जमलं तर आजीलाही आधी विचार.