आबाकाकांचा दम

सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आवरत आली, होम मैदानावरचे पाळणे उतरवायला लागले की आमच्या गल्लीत मंडळाच्या स्नेहसंमेलनाची गडबड सुरू व्हायची. सकाळी संगीत खुर्ची, लिंबू चमचा, बायकांची रांगोळी, दुपारी कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी असं जेवण, आणि ऊन जरा उतरलं की सगळे ज्याची वाट बघायचे ती मॅच. लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे, कबड्डी. बाकीचं सगळं आता थोडं थोडं विसरायला झालंय पण आबाकाका खेळले ती मॅच मला अजून जशीच्या तशी आठवते.

आबाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. तरुणपणी मिलच्या टीमकडून कबड्डी खेळायचे, आणि हे आम्हाला लहानपणापासून इतक्या वेळा ऐकवलेलं की त्यांच्या मॅचेस आम्हीच बघितल्यात असं वाटायचं. "आमच्या वेळी मॅट नव्हती बे, माती होती माती. एका दमात तीन गडी मारून यायचो, समोरच्याला कळायचं पण नाही कोण शिवून गेलं." काकू आतून ओरडायची, "गेल्या दिवाळीला दोनच होते ओ!" काका ऐकलं न ऐकल्यासारखं करून चहाचा घोट घ्यायचे.

तर त्या वर्षी लग्न झालेल्यांकडे सहाच गडी भरले आणि सातवा कोण म्हणून सगळ्यांनी काकांकडे बघितलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण काका खुर्चीतून असे उठले की त्यांना कुणीतरी विचारायचीच वाट बघत होते. पँट दुमडली, बनियनवर आले, मातीला हात लावून कपाळाला लावला. आम्ही फक्कीने मैदान आखलेलं, मधली रेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, आणखी एक मीटर पुढे बोनसची रेषा. काका प्रत्येक रेषेवरून पायाने माप घेत फिरून आले आणि "बरोबर आहे" म्हणाले, त्यामुळे आखणाऱ्या पोरांना फार बरं वाटलं.

पहिली चढाई काकांचीच. मधली रेषा ओलांडायच्या आधीच एवढ्या मोठ्या आवाजात "कबड्डी कबड्डी" सुरू केलं की जेवणाची भांडी घासणाऱ्या बायका पण बघायला आल्या. आणि खरं सांगतो, सुरुवातीला ते दिसले पण खेळाडूच. कमरेत वाकलेले, हात पुढे, वजन पायाच्या चवड्यावर, उजव्या कॉर्नरकडे एक पाय टाकायचा परत घ्यायचा, मग डाव्या कॉर्नरकडे. निदान रेषा पण व्यवस्थित ओलांडली, कारण कुणाला न शिवता ती न ओलांडता परत आलात तर बाद, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पोरं साखळी धरून मागे मागे सरकत होती. काका इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

"काका, तीस सेकंद झाले. बाद."

काका तिथेच थांबले. "बाद? दम कुठं तुटलाय माझा?" हा प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला आणि त्यात त्यांचं काही चुकलं पण नव्हतं. ते खेळायचे तेव्हा गल्लीच्या मैदानात घड्याळ कोण लावत होतं, जेवढा श्वास तेवढी चढाई. समोरच्याला फिरवून फिरवून दमवायचं आणि साखळीतला हात सुटला की झडप घालायची, ही त्यांची सगळी पद्धत त्या लांब दमावर उभी. आता चढाई तीस सेकंदांची, त्यात परत मधल्या रेषेपर्यंत यायचं पण आलं, म्हणजे झडप साधारण विसाव्या सेकंदाच्या आत पडायला पाहिजे. काका विसाव्या सेकंदाला अजून अंदाजच घेत होते.

दोन मिनिटांनी आमच्याकडच्याने एक गडी मारला, त्या गुणावर काका परत जिवंत होऊन आत आले. दुसऱ्या चढाईला वेळेचं भान ठेवायचं ठरवलेलं, म्हणून गेले ते पळतच, आणि आवाज तोच पहिल्यासारखा खणखणीत. दम घुमवताना सगळी हवा बाहेरच जात असते, आवाज जेवढा मोठा तेवढी ती लवकर संपते. म्हणून मुरलेला गडी बारीक एका सुरात घुमवतो, पंचाला ऐकू येईल एवढंच. काकांनी पहिल्या आठ दहा सेकंदांतच सगळी ओतली. मग "कबड्डी"चं "बड्डी" झालं, "बड्डी"चं "डी... डी...", आणि बोनस रेषेच्या जवळ तोंड उघडं आणि आवाज बंद. दम गेला, गडी बाद. सगळं मैदान हसलं आणि काका पण गुडघ्यावर हात ठेवून हसत होते, हसायला पण श्वास पुरत नव्हता.

सेकंड हाफला त्यांना उजव्या कॉर्नरला उभं केलं. समोरून माझा मावसभाऊ आला, वीस वर्षांचा, हलका. त्याने पाय लांब टाकला आणि काकांनी त्याचा घोटा धरला की हो! दोन्ही हातांनी, अगदी अचूक वेळेला. "धरलाय! या!" म्हणून ओरडले. पण घोटा धरून भागत नाही, धरला की लगेच वर उचलून मागे ओढावा लागतो म्हणजे चढाईवाल्याचा तोल जातो, आणि तेवढ्यात कव्हरवाल्याने कमरेला येऊन भिडायचं असतं. काकांना ओढता येईना आणि कव्हरला उभे असलेले आमचे सोसायटीचे सेक्रेटरी टाळ्या वाजवत होते. मावसभाऊ पोटावर पडला आणि काकांना मागे लटकवून सरपटत मधल्या रेषेकडे निघाला, काका सोडेनात, मातीत दोघांचा एक लांब पट्टा उमटला आणि शेवटी त्याचं बोट रेषेला लागलं. काका बाद, पण घोटा अजून हातातच.

मॅच आम्ही सत्तावीस एकोणीसने हरलो. शेवटची पाच मिनिटं काका बाहेरच बसलेले, कोपर सोललेलं, काकू हळद लावत होती. तिथून ते कॉर्नरच्या पोराला सारखं सांगत होते, "त्याच्या डोळ्यात बघू नको बे, डोळे फसवतात. कमरेकडं बघ, कंबर जिकडं वळंल तिकडं पाय येणार." पोराने ऐकलं आणि माझ्या त्याच मावसभावाला धरून तिथल्या तिथे आडवा केला. त्या वेळी काका जे उठून नाचले ते बघून मला वाटलं की मिलच्या टीमच्या त्या गोष्टी खऱ्याच असणार, तीन गडी असोत नाहीतर दोन.

दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवरून बारीक आवाज यायला लागला म्हणून मी वर गेलो. काका बनियनवर, कमरेत वाकून इकडून तिकडे सरकत, एका सुरात अगदी हळू घुमवत होते. काकू पाण्याच्या टाकीला टेकून मोबाईलमध्ये बघत मोजत होती, "अठरा, एकोणीस, वीस... अहो, शिवा आता कुणाला तरी!"