फोटो खरा होता, दात वाळलेला होता

सांगलीत माझी छोटी डेंटल लॅब आहे. पेशंट आम्हाला क्वचितच दिसतो. डॉक्टरांकडून माप येतं, स्लिपवर शेड, म्हणजे दाताच्या रंगाची छटा, लिहिलेली असते आणि हल्ली व्हॉट्सॲपवर फोटो येतो. वरच्या जबड्यातला समोरचा एकच दात बनवायचा असेल तर मला अजूनही रात्री नीट झोप लागत नाही. आठ दात एकदम बनवायचे तर ते एकमेकांना सांभाळून घेतात. एकट्या दाताच्या शेजारी मात्र खरा दात उभा असतो आणि तो दिवसभर तुलना करत राहतो.

तासगावच्या एका डॉक्टर मॅडमची अशीच केस होती. पेशंट शाळेत शिकवणाऱ्या बाई. उजवीकडचा समोरचा दात, म्हणजे ११ नंबर. रूट कॅनाल झालेलं, त्यावर झिर्कोनियाची कॅप, वरून पोर्सेलिनचे थर. स्लिपवर शेड होती ए१. सोबतच्या फोटोत शेजारच्या २१ नंबरच्या दाताला ए१ ची टॅब, म्हणजे त्या शेडचा नमुन्याचा दात, लावलेली. दात आणि टॅब इतके जुळत होते की मी निर्धास्तपणे भट्टी लावली.

आठ दिवसांनी कॅप परत आली. बाई आरशात बघून म्हणाल्या होत्या, "हा दात दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो." मॅडमनी फोनवर एवढंच सांगितलं, "दादा, फार पांढरी झालीय. शेड चुकली का हो तुमची?"

मी कॅपशेजारी आमच्या गाइडमधली, म्हणजे टॅबच्या संचातली, ए१ ठेवली. खिडकीत नेऊन बघितलं, ट्यूबलाइटखाली बघितलं. तंतोतंत ए१. मग मी फोटो पुन्हा उघडला, मोठा केला आणि या वेळी टॅबकडे न बघता आजूबाजूला बघितलं. तिथे उत्तर पडलेलं होतं. कोपऱ्यात ११ नंबर कॅपसाठी तासून लहान केलेला दिसत होता. ओठाखाली कापसाची गुंडाळी होती. आणि २१ च्या कडेजवळ खडूसारखे दोन पांढुरके ठिपके होते. फोटो दात तासल्यानंतरचा होता.

आमच्या भागात काळं रान असलेल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. ओली माती गडद दिसते, वाळली की फिकी पडते. दाताच्या वरच्या कवचाचंही तसंच. त्यातल्या सूक्ष्म फटींत एरवी पाणी असतं आणि उजेड आरपार जातो. तोंड उघडं ठेवून, कापूस लावून, वाऱ्याचा फवारा मारून ते पाणी गेलं की त्या जागी हवा येते, उजेड तिथल्या तिथे विखुरतो आणि दात जास्त पांढरा, जास्त अपारदर्शक दिसतो. हे व्हायला पाच-दहा मिनिटं पुरतात. कॅपसाठी दात तासायला तर तास-तासभर जातो, आणि तेवढा वेळ शेजारचा बिचारा वाळत बसलेला असतो. मॅडमनी वाळलेल्या दाताची शेड अगदी बरोबर घेतली होती.

मी मॅडमना म्हटलं, शेड पुन्हा घेऊ, पण सकाळी पहिल्या नंबरला, आणि मी स्वतः येतो.

बाई गडद गुलाबी साडी नेसून आल्या होत्या, ओठांना फिकी लिपस्टिक. लिपस्टिक पुसायला सांगितली, साडीवर करड्या रंगाचा नॅपकिन टाकला, कारण गुलाबी रंगाची झाक दातावर पडते. खुर्चीवरचा दिवा बंद, ट्यूब बंद, खुर्ची खिडकीकडे. बाईंनी चूळ भरली. ओल्या दाताला आम्ही पहिल्यांदा टॅब लावल्या.

गाइडमध्ये सोळा टॅब असतात आणि त्या ए, बी, सी, डी अशा गटांनी लावलेल्या येतात. मी त्या उजळ ते गडद अशा क्रमाने लावून घेतो: बी१, ए१, बी२, डी२, ए२ आणि पुढे. रंग कुठला हे नंतर, आधी उजळपणा ठरवायचा. त्यात चूक झाली की लोकांना चार हातांवरून कळतं. रंगाची झाक थोडी इकडेतिकडे झाली तर बहुतेकांना कळतही नाही. पाच-सात सेकंद बघायचं आणि नजर करड्या नॅपकिनवर न्यायची. जास्त वेळ टक लावून बघितलं की डोळा थकतो आणि सगळ्याच टॅब बऱ्या वाटायला लागतात.

ए२ जवळची वाटली. मग फोटो. मॅडम नेहमी टॅब ओठाजवळ, दाताच्या थोडी पुढे धरायच्या. तशी धरली की तिच्यावर उजेड जास्त पडतो आणि ती आहे त्यापेक्षा उजळ दिसते. मी टॅब खालून वर धरायला लावली, टॅबची कड दाताच्या कडेला भिडवून, दोन्ही एकाच पातळीत, टॅबवरचा नंबर फोटोत वाचता येईल अशी. फ्लॅश नाही, समोरून मारलेला फ्लॅश दाताच्या मध्यावर पांढरा डाग पाडतो आणि नेमका तोच भाग आम्हाला बघायचा असतो. फोन जरा लांब धरून झूम केला. ए१, ए२ आणि ए३, तिन्हींचे फोटो काढले.

तीन कशाला, असं मॅडमनी विचारलं. फोनचा कॅमेरा उजेड आणि रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो, म्हणून फोटोतला दाताचा रंग मी कधीच खरा धरत नाही. पण बदल होतो तो दाताला आणि टॅबला सारखाच. मला दोघांमधला फरक हवा असतो, आणि एक टॅब उजळ, एक गडद दिसली तरच मधली खरंच मधली आहे हे कळतं. तिथेच फोनवर फोटोंमधले रंग काढून ते काळेपांढरे केले. ए१ दाताशेजारी उठून दिसली, ए३ काळवंडली, ए२ ची कड दातात मिसळून गेली. हिरडीजवळ मात्र दात ए३ कडे झुकत होता, ते स्लिपवर चित्र काढून लिहिलं. टॅबच्या गळ्याचा रंग बघून हे ठरवू नये. तो भाग जाड आणि मुद्दाम गडद केलेला असतो.

मग मी बाईंना विनंती केली, दहा मिनिटं ओठ वर धरून बसाल का? त्या हसून तयार झाल्या. कापूस लावला, दहा मिनिटांनी त्याच खिडकीत, त्याच ए२ बरोबर पुन्हा फोटो. दात टॅबपेक्षा स्पष्ट पांढरा झालेला. मॅडम दोन्ही फोटो बराच वेळ आलटून पालटून बघत होत्या. मूळ फोटो मी डॉक्युमेंट म्हणून पाठवून घेतले, नाहीतर व्हॉट्सॲप ते दाबून बारीक करतं.

नवी कॅप ए२ मध्ये गेली. बसवायच्या दिवशी साडेअकराला फोन. "दादा, आता काळपट दिसतेय!"

मी विचारलं, "ट्रायलला किती वेळ झाला?"

"अर्धा-पाऊण तास."

"कापूस आहे?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग मॅडमच हसल्या. कॅप कच्च्या सिमेंटवर बसवून त्यांनी बाईंना घरी पाठवलं, जेवून चार वाजता या म्हणून.

सव्वाचारला फोटो आला. टॅब नव्हती, नुसते बाईंचे दात, ओले. कोणता माझा हे शोधायला मला फोटो मोठा करावा लागला.